नावाला ‘कडे’ लागलं पाहिजे

आमच्या घरात मूल जन्माला आलं की सातव्या दिवशी अकीका होतो आणि त्याच दिवशी नाव ठरतं. सात दिवसांत वडीलधारी मंडळी एकमत करतात, अजिबात नाही झालं तर अम्मी सांगेल ते नाव. पण आमच्या धाकट्या भावाच्या दुकानाचं नाव ठरवायला आम्हांला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात घरात जी चर्चा झाली, ती इथे लिहून ठेवावीशी वाटते. आपल्या समाजात कितीतरी घरं शिलाईवर चालतात. उद्या कुणाचा मुलगा किंवा भाऊ स्वतःचं दुकान टाकायला निघाला, तर त्याच्या उपयोगी पडेल.

भाऊ सोळा वर्षं मुंबईत होता. मदनपुऱ्याच्या एका कारखान्यात आधी हातकामाला, मग मशीनवर आणि शेवटची सात वर्षं कटिंग मास्टर म्हणून. सूट आणि लग्नाच्या शेरवान्या कापणं हे त्याचं काम. कापलेला माल शोरूमला जायचा आणि आतल्या खिशाखाली शोरूमचं लेबल लागायचं. त्यानं कापलेल्या शेरवानीत शेकडो नवरदेव निकाहला बसले असतील, पण त्यांतल्या एकालाही त्याचं नाव माहीत नाही. अम्मीची तब्येत बिघडली तेव्हा तो मिरजेला परत आला आणि लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बाजूला एक गाळा भाड्यानं घेतला. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल, एक आरसा आणि पडदा. सगळं लागलं, पाटी तेवढी राहिली.

आम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवतो, घरात उर्दूची पुस्तकंही आमच्याच कपाटात, म्हणून नाव शोधायचं काम आमच्याकडे आलं. भावानं एकच अट घातली. “भाईजान, पाटी वाचून माणसाला वाटलं पाहिजे, हा जुन्या चालीचा माणूस आहे, माझं कापड खराब करणार नाही.”

ही अट साधी नाही, हे आम्हांला नंतर कळलं. तयार कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी माल बघतं आणि मग पैसे देतं. शिंप्याकडे उलटं असतं. माणूस महागाचं कापड टेबलावर ठेवून निघून जातो, तेव्हा शेरवानी कुठेच नसते. एकदा कात्री चालली की ते कापड पुन्हा अखंड होत नाही. त्यात निकाहची तारीख कार्डावर छापलेली असते, ती मास्टरसाठी पुढे सरकत नाही. म्हणजे इथे विश्वास आधी द्यावा लागतो. त्या पहिल्या विश्वासासाठी नव्या माणसाजवळ पाटीशिवाय दुसरं काय असतं?

पहिल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकानं नावं सुचवली. भाच्यानं ‘रॉयल’, ‘नवाबी’, ‘शाही’ अशी नावं लिहून आणली. भाऊ हसला. म्हणाला, “शाही नाव लावलं तर पहिलं गिऱ्हाईक विचारेल, शेरवानी भाड्यानं किती?” खरंच होतं ते. बाजारात एक फेरी मारली तर असली नावं बहुतेक भाड्याच्या आणि तयार शेरवान्यांच्या दुकानांवर दिसली. त्यांत काही वाईट नाही, पण तो धंदा वेगळा. शिवाय आम्हांला आणखी एक गोष्ट जाणवली. ही सगळी नावं स्वतःची तारीफ करतात. जो पहिल्याच वाक्यात स्वतःची तारीफ करतो, त्याच्या हातात महागाचं कापड द्यायला मन कचरतं.

दुसरा गठ्ठा आमच्याच कपाटातून निघाला. ‘ख़य्यात’ हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ शिंपी. ‘दर्ज़ी’ हा शब्द फारसीतल्या ‘दर्ज़’वरून आला, दर्ज़ म्हणजे शिवण. ‘लिबास’ म्हणजे पोशाख. ‘इद्रीस’ हे नावही निघालं, कारण हज़रत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी सर्वांत आधी सुईनं कपडा शिवला अशी रिवायत आहे आणि आपल्याकडे कितीतरी शिलाईवाले स्वतःला इद्रीसी म्हणवतात. अर्थ सगळ्यांचे सुंदर होते. पण कागदावर लिहून आम्ही ते शेजारच्या किराणा दुकानदाराला वाचायला दिले. त्यांनी ‘ख़य्यात’ला ‘ख्यात’ वाचलं आणि ‘दर्ज़ी’ला ‘दर्जा’. अलीकडे ‘लिबास’ म्हटलं की लोकांना बायकांच्या ड्रेसचं दुकान आठवतं. ‘इद्रीस’ जुनं आणि भारदस्त आहे, पण आम्ही त्या बिरादरीचे नाही. ते नाव लावलं असतं तर लोकांनी आम्हांला त्यांतले समजलं असतं, आणि ज्यांची ती ओळख आहे त्यांना ते आवडलं नसतं.

तिसरं नाव अम्मीच्या भावानं, म्हणजे मामूंनी सुचवलं, ‘बॉम्बे टेलर्स’. एके काळी आपल्या गावोगावी ‘बॉम्बे’, ‘पॅरिस’, ‘लंडन’ अशी शिंप्यांची दुकानं निघाली होती. त्या काळी त्या नावांना अर्थ होता. फॅशन मोठ्या शहरातून यायची आणि गावातला मास्टर सांगायचा, तिथली तऱ्हा माझ्याकडे मिळेल. आता तीच फॅशन पोरांच्या फोनमध्ये आधी येते. भाऊ मुंबईत शिकला हे खरं असलं, तरी ‘बॉम्बे’नं आज काही सिद्ध होत नाही. तेही बाजूला पडलं.

मग भावानं स्वतःच दोन गोष्टी काढल्या आणि त्यांवर घरात खरा वाद झाला. त्याला पाटीवर ‘ॲण्ड सन्स’ आणि ‘स्थापना 1968’ हवं होतं.

यामागे आमचे दादाजान होते. ते 1968 पासून मिरजेत कोट शिवायचे. पण त्यांचं दुकान त्यांच्या डोळ्यांबरोबर बंद झालं. अब्बा एसटीत कंडक्टर होते, त्यांनी कधी सुई धरली नाही. मधली कितीतरी वर्षं आमच्या घरात धंदा म्हणून शिलाई नव्हतीच. भावाचं म्हणणं असं की दादाजानचंच काम मी पुढे नेतोय, मग त्यांचं साल लिहिलं तर बिघडलं कुठे? आणि आजकाल सगळेच लिहितात.

आम्ही म्हणालो, ‘स्थापना 1968’ वाचणारा माणूस काय समजेल? हे दुकान तेव्हापासून चालू आहे, इथे तीन पिढ्यांच्या मापाच्या वह्या असतील, बापाची शेरवानी शिवली तिथेच मुलाची शिवता येईल, असं तो समजेल. त्यांतलं एकही खरं नाही. त्या समजुतीवर तो कापड ठेवून जाईल. विकताना मालाचा ऐब लपवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. मग दुकानाचं वय वाढवून सांगणं वेगळं कसं? ‘ॲण्ड सन्स’चंही तेच. भावाला एकच मुलगी, नऊ वर्षांची. ‘सन्स’ म्हणजे मुलगे हाताखाली तयार होतायत, आज मी नसलो तरी तुमचं काम अडणार नाही, असा त्या शब्दाचा जुना अर्थ. तो खरा असेल त्यानं जरूर लिहावा.

भाऊ चिडला. “मग जुनं वाटणार कसं? दुकान तर नवीनच आहे ना!”

त्याचा प्रश्न बरोबर होता. खोटं न बोलता नवं दुकान जुन्या चालीचं कसं वाटेल? त्याचं उत्तर आम्हांला दोन ठिकाणी मिळालं, एक गल्लीत आणि एक वर्गात.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सतारी करू लागले, आणि पुढे त्या कारागिरांचं आडनावच सतारमेकर झालं. आजही तिथल्या पाट्या वाचल्या तर त्यांवर माणसाचं नाव आणि त्यापुढे सतारमेकर, एवढंच दिसतं. कोण आणि काय करतो, एवढीच माहिती. आमची सतार गोड आहे, असं कुणी लिहिलेलं नाही. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत, जिथले सूट जगभर नावाजले जातात, तिथेही हीच चाल आहे. 1806 साली जेम्स पूल यांनी धंदा सुरू केला, त्यांच्या मुलाच्या नावानं ती पेढी आजही ‘हेन्री पूल ॲण्ड कंपनी’ म्हणून चालते. नावात ना राजा, ना ताज. फक्त एक माणूस, ज्याला जाब विचारता येतो.

दुसरी गोष्ट वर्गात घडली. सातवीला शब्दयोगी अव्ययं शिकवत होतो. ‘कडे’ कुठे लागतं, हे मुलांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, “सर, माणसाला ‘कडे’ लागतं आणि दुकानाला ‘मध्ये’. डॉक्टरांकडे जातो, हॉस्पिटलमध्ये जातो.” उत्तर अगदी बरोबर होतं असं नाही, पण आमच्या डोक्यात दिवा लागला. लोक तयार कपडे ‘अमुक दुकानातून’ आणतात, पण कपडा शिवायला ‘अमुकांकडे’ टाकतात. उर्दूतही तसंच आहे, शोरूम से खरीदा, मगर मास्टर के यहाँ सिलवाया. ज्या नावाला ‘कडे’ सहज लागतं, त्या नावामागे माणूस उभा असतो. ‘शाहीकडे’, ‘रॉयलकडे’ असं म्हणून बघा, जीभ अडखळते. जुनेपणाचा जो भरवसा भावाला हवा होता, तो सालात नव्हता. तो या ‘कडे’मध्ये होता.

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक नाव एका वाक्यात घालून बोलून बघू लागलो. “शेरवानी कुणाकडे टाकलीय?” “अमुकांकडे.” वीस नावांतली सतरा तिथेच गळली.

उरलेल्यांत भावाचं स्वतःचं नाव होतं. कायद्यानंही ते सगळ्यांत निर्धोक. आपलं स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्याला वापरायचं असेल, तर 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला संरक्षण आहे. अडचण एवढीच की त्याच नावाचे दोन टेलर आमच्या भागात आधीपासून आहेत. गिऱ्हाईक चुकून तिकडे गेलं तरी भांडण, त्यांचं गिऱ्हाईक आमच्याकडे आलं तर त्याहून मोठं भांडण.

मग एके दिवशी फुफी आल्या. सगळी यादी ऐकून त्या म्हणाल्या, “अरे, तुमच्या दादाला गावात नावानं कोण ओळखायचं? सगळे कोटमास्तर म्हणायचे.”

हे आम्ही ऐकलेलं होतं, पण विसरलो होतो. इतर शिंपी सदरे, लेंगे, पायजमे शिवायचे, तेव्हा दादाजान फक्त कोट शिवायचे. वकिलांचे काळे कोट, मिशन हॉस्पिटलच्या डॉक्टरांचे कोट, लग्नातल्या नवरदेवाचा कोट. म्हणून ते कोटमास्तर. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नव्हतं, लोकांनी दिलं होतं. आणि वाक्यात घालून बघितलं तर नुसतं ‘कडे’ नाही, आदराचं अनेकवचनही आपसूक लागलं. “कोटमास्तरांकडे टाकलीय.” अम्मीनं डोळ्यांना पदर लावला. भाऊ मात्र गप्प होता.

रात्री त्यानं विचारलं, “हे नाव दादाचं. माझं कसं? काल तुम्हीच म्हणालात ना, खोटं नको.”

आम्ही बराच वेळ बोललो. आमचं म्हणणं असं होतं की जुनं नाव घेताना एकच कसोटी लावावी. दादाजानची आठवण काढून टाकली, तरी हे नाव आजच्या दुकानाबद्दल खरं बोलतं का? ‘कोट’ तू शिवतोस. ‘मास्तर’ म्हणजे ज्याच्या हातात कात्री असते तो, आणि कारखान्यात तुला लोक सात वर्षं मास्टरच म्हणत होते. म्हणजे नाव तुझ्यावरही खरं ठरतं. ज्यानं दादाजानला पाहिलं नाही त्याची फसवणूक होत नाही, ज्यानं पाहिलं त्याला आठवण होते. साल लिहिलं असतं तर हे म्हणता आलं नसतं.

“पण शेरवानी? पाटीवर फक्त कोट?” त्यानं विचारलं. मग त्यानंच उत्तर दिलं आणि ते आम्हांला नवीन होतं. शेरवानी आतून कोटच असते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या लांब कोटाचा काट आणि आपल्या अंगरखा-अचकनची चाल एकत्र आली, त्यांतून ती घडली. छातीला आतून कॅनव्हास, खांद्याची बैठक, मुंढ्यात बसवलेली बाही, अस्तर, हातानं केलेली काजं, सगळं कोटाचं. फरक गळ्याचा आणि लांबीचा. ज्याला चांगला कोट जमत नाही त्याची शेरवानी लटकते. भाऊ म्हणाला, “जो कोटमास्तर आहे, तोच शेरवानी शिवू शकतो.” नाव तिथेच पक्कं झालं असं आम्हांला वाटलं.

पण अजून तीन गोष्टी बाकी होत्या.

पहिली घरातली. दादाजान एकट्या आमचे नव्हते. चाचांचा मुलगा तयार कपड्यांचं दुकान चालवतो, उद्या त्यालाही ते नाव लावावंसं वाटलं तर? आम्ही मिठाई घेऊन त्याच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, “मी शिवत नाही भाईजान, मला ते नाव शोभणार नाही.” फुफींनाही विचारलं. वडिलांच्या नावाचा वाद घरात शिरला की तो वारशाच्या जमिनीपेक्षा वाईट असतो, म्हणून हे आधी केलेलं बरं.

दुसरी गोष्ट कागदाची. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. शिलाईचं काम 40 व्या वर्गात येतं आणि कपडे 25 व्या वर्गात, म्हणून दोन्हींत बघितलं. मराठी आणि इंग्रजी उच्चाराप्रमाणे वेगवेगळ्या तऱ्हांनी टाकून बघितलं, कारण कान एक ऐकतो आणि अक्षरं दहा प्रकारे लिहिता येतात. तिथे काही सापडलं नाही म्हणजे बाजारात तसं नाव नाहीच असं होत नाही, म्हणून सांगली-मिरजेच्या बाजारातही फिरून खात्री केली.

तिसरी गोष्ट कानाची, आणि इथे आमची फजिती झाली. आम्ही चार नातेवाइकांना फोन करून नाव सांगितलं आणि लिहून पाठवायला सांगितलं. एकानं ‘पोस्टमास्तर’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘कोर्टमास्तर’. चारांत दोन चुकले, म्हणजे गंमत नव्हे. नाव बदलायचं का, यावर पुन्हा दोन दिवस गेले. शेवटी ठरलं की फोनवर नाव एकटं सांगायचं नाही. ‘कोटमास्तर, सूट-शेरवानी’ असं एका दमात सांगायचं. शेरवानी ऐकल्यावर पोस्टात कुणी जात नाही. पुन्हा चार जणांना फोन केला, चौघांनी बरोबर लिहिलं. तेच पाटीवर, बिलबुकावर आणि लेबलवर आलं. इंग्रजीत मात्र ‘के’पासून लिहायचं की ‘सी-ओ-ए-टी’, यावर भाच्याचं ऐकलं. लोक फोनवर शोधताना ओळखीचा शब्द टाकतात, म्हणून ‘सी-ओ-ए-टी’.

‘मास्तर’ की ‘मास्टर’, हाही प्रश्न होता. उर्दूत आणि बाजारात ‘मास्टर’ म्हणतात. पण दादाजानला मराठी गिऱ्हाइकांनी ‘मास्तर’ केलं होतं. पाटी तर देवनागरीतच लागणार होती. 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या लहान दुकानांनाही मराठीत, देवनागरी लिपीत पाटी लावणं बंधनकारक आहे. मराठी नाव आधी हवं आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं त्याहून मोठी नकोत. आम्हांला ते ओझं वाटलं नाही, उलट त्यामुळे प्रश्न सुटला. आधी इंग्रजी नाव ठरवून मग ते देवनागरीत ओढूनताणून बसवण्यापेक्षा, देवनागरीत जे शोभतं तेच नाव घ्यावं. ‘कोटमास्तर’मध्ये जेमतेम एक जोडाक्षर आहे, लांबून वाचता येतं. खाली उर्दूत लहान अक्षरांत तेच नाव आम्ही स्वतः लिहून दिलं.

पाटी पेंटरकडून हातानं रंगवून घेतली. गडद हिरव्यावर सायीच्या रंगाची अक्षरं, ना सोनेरी, ना लुकलुकणारे दिवे. साल लिहायचंच असेल तर या वर्षाचं लिही, असं आम्ही म्हटलं होतं. भावानं साल लिहिलंच नाही. त्याऐवजी नावाखाली एक ओळ घातली: ‘कच्चं शिवून अंगावर बघितल्याशिवाय पक्कं शिवत नाही.’

ही ओळ आम्हांला तेव्हा नुसती छान वाटली होती. तिची किंमत दोन महिन्यांनी कळली.

एक शेरवानीची ऑर्डर आली. नवरदेव परदेशात नोकरीला, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार. बापानं माप फोनवर मागवून दिलं आणि म्हणाले, “ट्रायलचं सोडा, मुलाचं अंग सरळ आहे.” भावानं आधी नाही म्हटलं, मग ओळखीचं घर म्हणून घेतलं. मुलगा आला, शेरवानी घातली आणि पुढची बाजू वर उचलली गेली. शेवटच्या बटणाखाली दोन्ही पल्ले फाकले, बाजूनं बघितलं तर खालची कड मागे खाली आणि पुढे वर. भावानं बघताक्षणी ओळखलं. मुलाला परदेशात पोट सुटलं होतं. पोट असलेल्या माणसाला पुढची उंची जास्त लागते, कारण कापडाला पोटाचा चढ ओलांडून खाली यावं लागतं. फीतीनं घेतलेल्या घेरात पोट दिसतं, पण ती जागा कुठे आहे आणि माणूस उभा कसा राहतो हे दिसत नाही. ते कच्च्या ट्रायलला दिसतं. तेव्हा खांद्यात माया ठेवलेली असते, ती सोडून पुढचा भाग खाली उतरवता येतो. पक्की शिलाई झाली, गळा बसला, काजं कापली की काही करता येत नाही.

निकाहला सव्वीस तास होते. भाऊ सांगलीला जाऊन तसंच कापड स्वतःच्या पैशांनी घेऊन आला. त्या रात्री दुकानाचा दिवा विझला नाही, आम्ही चहा घेऊन गेलो तेव्हा तो पुढचे दोन्ही पल्ले नव्यानं कापत होता. आम्ही म्हटलं, चूक त्यांचीही आहे, अर्धे पैसे तरी घे. तो म्हणाला, “भाईजान, पाटीवर मी लिहिलंय. वाचून ते आले होते. उद्या लग्नात कुणी विचारलं कुणाकडे शिवली, तर ते दादाचं नाव घेणार.”

मुंबईत असं झालं असतं तर शोरूमनं कारखान्याला दंड लावला असता, कारखान्यानं पगारातून कापला असता आणि नवरदेवाला कुणाचंच नाव कळलं नसतं. इथे नाव त्याचं होतं, म्हणून रात्रही त्याची होती. शेरवानी सकाळी गेली, बसलीही नीट. तेव्हापासून ट्रायलशिवाय ऑर्डर घेणं बंद आहे. परदेशातला मुलगा असेल, तर तो सुट्टीवर आल्यावर किमान आठ दिवस हातात असतील तरच भाऊ हो म्हणतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे जातात. जाऊ देत.

दुकानाचं नाव शोधणाऱ्या घरांना आम्ही आमच्या अनुभवावरून एवढंच सांगू. नाव बोलून बघा, त्याला ‘कडे’ लागतं का. जुनं नाव घेत असाल तर ज्यांचा त्यावर हक्क आहे त्यांना आधी विचारा, आणि त्यातला प्रत्येक शब्द आजच्या दुकानाबद्दल खरा आहे का ते तपासा. वय वाढवून सांगू नका, दुकान टिकलं तर ते आपोआप वाढतं.

गेल्या महिन्यात शाळेत एका पालकांशी बोलत होतो. मुलाच्या मोठ्या भावाचं लग्न होतं. सहज विचारलं, शेरवानी कुठून घेतली? आम्ही कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, “घेतली नाही सर, कोटमास्तरांकडे टाकलीय. सोमवारी ट्रायल आहे.”

आम्ही घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं अम्मीला सांगितलं.